विश्लेषण : व्यंगचित्रातला नेता ओळखू आला, पण चित्र कळले का? आधी लेबल, चिन्ह आणि अतिशयोक्ती वाचा, चेहरा शेवटी!

मोबाइलवर एखादे राजकीय व्यंगचित्र आले की पहिला प्रश्न पडतो तो, ‘हा कोण?’ नाक, दाढी, चष्मा यांवरून नाव ओळखता आले की चित्र समजले असे वाटते आणि बोट पुढच्या मजकुराकडे वळते. प्रत्यक्षात चेहऱ्यावरून फक्त नाव कळते. त्या नेत्याने काय केले आणि व्यंगचित्रकाराचा आरोप नेमका कोणता, हे चेहऱ्यात नसते. ते चित्रात लिहिलेल्या शब्दांत, नेत्याच्या हातातल्या वस्तूत आणि मुद्दाम बिघडवलेल्या मापात असते. ठाण्यातील टेंभी नाका आणि गेल्या काही वर्षांत बदललेली पक्षचिन्हे यांच्या आधारे व्यंगचित्र कसे वाचायचे, याचा हा आढावा.

नुसता चेहरा का पुरत नाही?

व्यंगचित्रातील चेहरा हा छायाचित्रासारखा नसतो. त्याला अर्कचित्र म्हणतात. चेहऱ्यातील एक-दोन वैशिष्ट्ये उचलून ती वाढवायची आणि बाकीचे गाळायचे, अशी त्याची रीत आहे. त्यामुळे एकच वैशिष्ट्य असणाऱ्या दोन व्यक्ती कागदावर सारख्या दिसू लागतात.

टेंभी नाक्याचे उदाहरण घ्या. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचा ‘आनंद आश्रम’ याच परिसरात. दिघे यांची ओळख म्हणजे दाढी आणि कपाळावरचा टिळा. त्यांना गुरू मानणारे एकनाथ शिंदे यांचीही ओळख दाढी आणि टिळा हीच. चार रेषांत काढायचे म्हटले तर दोघांच्या अर्कचित्रांत बराच भाग समान येतो. मग चित्रातील दाढीवाले नेते नेमके कोण?

उत्तर दाढीत सापडत नाही, दाढीच्या भोवती सापडते. ती भिंतीवरच्या तसबिरीत असेल आणि तसबिरीला हार घातलेला असेल, तर ते दिघे. त्यांचे निधन २६ ऑगस्ट २००१ रोजी झाले. दाढीवाले नेते खुर्चीत बसलेले असतील, त्यांच्यापुढे ध्वनिक्षेपक असेल किंवा ते फाइलवर सही करत असतील, तर ते शिंदे. म्हणजे ओळख पटवण्याचे कामसुद्धा पुष्कळदा चेहरा करत नाही, तर हार, खुर्ची आणि फाइल या वस्तू करतात.

मराठी वाचकांना परिचित असलेले याचे ठळक उदाहरण म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. तो कोणत्याही खऱ्या माणसासारखा दिसत नाही. चौकटीचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि टकलाच्या कडेने उरलेले केस, एवढ्यावर तो ओळखू येतो. तो बोलत नाही, फक्त पाहतो. त्या कोटाचा अर्थ ‘सामान्य नागरिक’ असा आहे, हे वाचकाला माहीत असते. एका अर्थाने तो कोट हेच लेबल.

चेहरा ओळखूनही चित्र चुकू शकते?

हो. याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. न्यूयॉर्क शहराच्या राजकारणावर पकड असलेले विल्यम ट्वीड यांच्यावर थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’मधून सातत्याने टीका केली. १८७१ मधील एका चित्रात तर त्याने ट्वीडचा चेहराच काढला नाही. धडावर डोक्याच्या जागी पैशांची थैली आणि थैलीवर डॉलरचे चिन्ह. या माणसाची बुद्धी म्हणजे पैसा, एवढा थेट आरोप. अवाढव्य पोट आणि कोटावरचा हिरा यांवरून तो ट्वीड आहे हे वाचकांना कळले.

पुढे ट्वीड तुरुंगातून पळाला आणि १८७६ मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला. त्याची ओळख पटवण्यास नास्टचेच एक चित्र उपयोगी पडले. पण त्या चित्रात ट्वीडने दोन मुलांना मानगुटीला धरलेले होते. चित्राचा मुद्दा असा की, स्वतः मोठा चोर असलेला माणूस छोट्या चोरांना पकडून देण्याचा आव आणतो आहे. स्पेनमधील अधिकाऱ्यांना इंग्रजी मजकुराचा आणि न्यूयॉर्कच्या राजकारणाचा संदर्भ नव्हता. त्यांनी ट्वीडला मुले पळवणारा समजले, असे सांगितले जाते.

म्हणजे माणूस बरोबर ओळखला गेला, पण गुन्हा चुकला. चेहऱ्याचे काम जिथे संपते, तिथून व्यंगचित्र सुरू होते, ते असे.

टेंभी नाक्यावरचे एक काल्पनिक चित्र

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणून ते पायरीपायरीने वाचू. हे चित्र कुठे छापून आलेले नाही. वाचनाची पद्धत समजावी म्हणून ते इथे रचले आहे.

टेंभी नाक्याची दहीहंडी ठाणेकरांच्या ओळखीची आहे. चित्रात एका दोरीला एक हंडी टांगलेली आहे. हंडीच्या डावीकडे गोविंदांचा एक मनोरा, उजवीकडे दुसरा. दोन्हीकडचे सर्वांत वरचे गोविंदा वाचकाकडे पाठ करून आहेत, त्यामुळे त्यांचे चेहरे दिसतच नाहीत. डावीकडच्याच्या खांद्याला धनुष्यबाण अडकवलेला. उजवीकडच्याच्या कमरेला मशाल खोचलेली. दोघांचाही एकेक हात हार घातलेल्या एकाच तसबिरीवर आहे आणि दोघे ती आपल्याकडे ओढत आहेत. तसबिरीत दाढी आणि टिळा. हंडीवर लिहिले आहे ‘महापालिका’. दोन्ही मनोऱ्यांच्या तळाशी वाकून उभी असलेली माणसे अगदी किडकिडीत काढली आहेत आणि त्यांच्या सदऱ्यांवर शब्द आहे ‘ठाणेकर’. मापांकडे पाहिले तर तसबीर हंडीच्या तिप्पट मोठी आहे. हंडीकडे कोणाचेच लक्ष नाही.

या चित्रात एकाही जिवंत नेत्याचा चेहरा नाही. तरीही ते पूर्ण वाचता येते.

पहिली पायरी : लेबल काय सांगते?

व्यंगचित्रात जे शब्द लिहिलेले असतात ते आधी वाचावेत, कारण तेवढाच भाग व्यंगचित्रकाराने संदिग्ध ठेवलेला नसतो. एखाद्या वस्तूवर शब्द लिहिला, म्हणजे ती वस्तू काय आहे हे त्याने वाचकावर सोडलेले नाही.

वरच्या चित्रात हंडी म्हणजे महापालिकेची सत्ता आणि खालचे गोविंदा म्हणजे शहरातील नागरिक, हे लेबलांमुळे पक्के होते. आता एकच बदल करून पाहा. हंडीवरचे ‘महापालिका’ पुसून तिथे ‘विधानसभा’ लिहा. एकही रेष न हलवता चित्र शहराचे न राहता राज्याचे होते. हंडी कोरी ठेवली, तर वाचक आपापल्या मनातली सत्ता तिच्यात भरेल. किंवा खालच्या माणसांच्या सदऱ्यावरचा ‘ठाणेकर’ काढून तिथे ‘कार्यकर्ता’ लिहा. मग नेत्यांच्या भांडणाचा भार नागरिकांवर पडतो, हा आरोप नाहीसा होतो आणि कार्यकर्ता भरडला जातो, हा नवा आरोप तयार होतो.

शब्द कुठे लिहिला आहे, हेही महत्त्वाचे. वस्तूवरचा शब्द वस्तूचे नाव सांगतो. माणसाच्या कपड्यावरचा शब्द तो माणूस कोणत्या गटाचा प्रतिनिधी आहे ते सांगतो. फुग्यातला शब्द मात्र पात्राचे म्हणणे असते, चित्रकाराचे नव्हे. पुष्कळदा चित्रकाराला त्याच्या नेमके उलट म्हणायचे असते. फुग्यातले वाक्य हे चित्रकाराचे मत समजून त्याच्यावर रागावणे, ही वाचनातील नेहमीची चूक.

मोबाइलच्या पडद्यावर लेबले आधी निसटतात. ती बारीक असतात आणि चित्र पूर्ण दिसावे म्हणून लहान केले की वाचता येत नाहीत. चित्र बोटांनी मोठे करून चारही कोपरे पाहिल्याशिवाय ते वाचले असे म्हणता येत नाही. खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आणि बऱ्याचदा तारीखही असते. पुढे पाठवताना कोपरा कापला गेला की हे दोन्ही जाते. तारीख जाण्याने किती फरक पडतो, ते पुढच्या पायरीत दिसेल.

दुसरी पायरी : चिन्हाला तारीख का लागते?

लेबल स्वतःचा अर्थ सोबत घेऊन येते. चिन्हाचे तसे नसते, त्याचा अर्थ वाचकाला आधी माहीत असावा लागतो. आणि पक्षचिन्हाचा अर्थ कायम नसतो.

ठाण्याएवढा याचा अनुभव क्वचितच कुठल्या शहराने घेतला असेल. १९८९ पासून धनुष्यबाण म्हणजे शिवसेना, असे सरळ समीकरण होते. जून २०२२ मध्ये पक्षात फूट पडली. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण दोन्ही गोठवले. त्यानंतर उद्धव ठाकरे यांच्या गटाला मशाल आणि शिंदे गटाला ढाल व दोन तलवारी मिळाल्या. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले.

याचा अर्थ, धनुष्यबाण खांद्यावर घेतलेला बिनचेहऱ्याचा माणूस २०१९ च्या व्यंगचित्रात असेल तर तो अखंड शिवसेना. मार्च २०२३ च्या चित्रात असेल तर तो शिंदे यांचा पक्ष. आणि ऑक्टोबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या चार महिन्यांतील चित्रात धनुष्यबाण दिसला, तर तो बहुधा कोणाचाच नसतो. तिथे तो भांडणाचा विषय असतो. कुलूप घातलेला, बर्फात गोठलेला किंवा दोघांनी दोन टोकांनी ओढलेला, असाच तो येणार.

इतर चिन्हांचेही असेच आहे. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीनंतर गेली, पुढे इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसकडे गाय-वासरू आले आणि १९७८ पासून हात. जुन्या अंकातील चित्रात गाय-वासरू दिसले आणि तो धार्मिक संदर्भ समजला, तर सगळे चित्रच चुकते. राष्ट्रवादी काँग्रेसचे घड्याळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने अजित पवार यांच्या गटाला दिले आणि शरद पवार यांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. त्याआधीच्या चित्रातील घड्याळ आणि नंतरच्या चित्रातील घड्याळ यांचा मालक वेगळा.

आता टेंभी नाक्याच्या त्या काल्पनिक चित्राकडे परत या. धनुष्यबाण एका बाजूला आणि मशाल दुसऱ्या बाजूला असल्याने ते फेब्रुवारी २०२३ नंतरचेच असू शकते, हे कोपऱ्यातील तारीख कापली गेली असली तरी कळते. एखादे जुने व्यंगचित्र ‘आजचे’ म्हणून फिरत असेल, तर ते ओळखायची ही साधी कसोटी आहे. नेत्याचे केस पांढरे आहेत की काळे हे पाहू नका, कारण चित्रकार ते सोयीने काढतो. चित्रातली चिन्हे त्या तारखेला कोणाची होती, ते तपासा.

प्रत्येक वस्तू चिन्ह असते का?

नाही, आणि इथे अतिउत्साही वाचक फसतो. भिंतीवर घड्याळ आहे म्हणून ते राष्ट्रवादीचे, टेबलावर फुलदाणीत कमळ आहे म्हणून ते भाजपचे, असे धरून चालत नाही. हाताचे तर विचारूच नका. माणसाला हात असणारच.

इथे एक प्रश्न उपयोगी पडतो. ही वस्तू चित्रातून काढून टाकली, तर प्रसंग तसाच राहतो का? कार्यालयाच्या भिंतीवर घड्याळ असणे स्वाभाविक आहे. ते तिथे वेळ दाखवण्यासाठी असू शकते. पण गोविंदाच्या खांद्याला धनुष्यबाण असण्याचे दुसरे काहीच कारण नाही. हंडी फोडायला बाण लागत नाही. प्रसंगात न बसणारी वस्तू ही मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून ती चिन्ह. भिंतीवरच्या घड्याळातही दहा वाजून दहा मिनिटे दाखवली असतील, तर मात्र थांबून विचार करावा, कारण राष्ट्रवादीच्या चिन्हात तीच वेळ आहे.

तिसरी पायरी : काय मोठे केले, काय लहान?

अतिशयोक्ती म्हटली की लांब नाक आणि मोठे कान आठवतात. राजकीय व्यंगचित्रात त्याहून महत्त्वाची अतिशयोक्ती मापांची असते. कोण कोणापेक्षा मोठा काढला आहे? कोणाचे वजन कोणावर आहे? कोणती वस्तू खऱ्यापेक्षा अवाढव्य आहे? चित्रकाराचा आरोप या प्रश्नांच्या उत्तरांत असतो.

टेंभी नाक्याच्या चित्रात तसबीर हंडीच्या तिप्पट आहे. प्रत्यक्षात असे असणार नाही, म्हणूनच तो आरोप आहे. वारशावरच्या हक्काचे भांडण शहराच्या कारभारापेक्षा मोठे झाले आहे, असे चित्र म्हणते. मापे उलटी करून पाहा. हंडी अवाढव्य, त्यातून लोणी ओघळते आहे आणि तसबीर मनगटावरच्या ताईताएवढी. आता आरोपही उलटा झाला. वारशाचे नाव फक्त तोंडी लावायला, खरे लक्ष सत्तेवर. लेबले तीच, चिन्हे तीच, माणसे तीच. फक्त माप बदलल्याने दोन परस्परविरोधी चित्रे तयार झाली.

खालचे ठाणेकर किडकिडीत काढणे हीदेखील मापाचीच भाषा. ते मजबूत आणि हसतमुख काढले असते, तर मनोरा त्यांच्या जोरावर उभा आहे, असा अर्थ निघाला असता. किडकिडीत काढल्याने ते त्याच्या भाराखाली आहेत, असा निघतो.

अतिशयोक्ती ओळखल्यावर एक काम उरते, ते म्हणजे ती वस्तुस्थितीशी पडताळणे. व्यंगचित्र खोटे ठरवण्यासाठी हे करायचे नसते. किती ताणले आहे हे कळण्यासाठी करायचे असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याच्या एका चित्रात आहे.

गोगलगायीचे चित्र : १९४९ आणि २०१२

के. शंकर पिल्ले यांच्या ‘शंकर्स वीकली’त २८ ऑगस्ट १९४९ रोजी एक व्यंगचित्र आले. एका मोठ्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत. गोगलगायीवर इंग्रजीत ‘संविधान’ असे लिहिले आहे. बाबासाहेबांच्या हातात चाबूक आहे. मागे पंडित नेहरू उभे आहेत, त्यांनीही चाबूक उगारला आहे. मागच्या बाजूला लोकांची गर्दी हे पाहते आहे.

२००६ मध्ये एनसीईआरटीने अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे चित्र घेतले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सरकारने चित्र मागे घेण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

चेहरे ओळखण्याबाबत इथे कोणाचाच वाद नव्हता. बाबासाहेब आणि नेहरू दोघेही सर्वांना ओळखू आले. वाद होता तो बाकीच्या गोष्टींवर. म्हणून हे चित्र त्याच तीन पायऱ्यांनी वाचण्यासारखे आहे.

लेबल एकच आहे आणि ते गोगलगायीवर आहे. म्हणजे संथ कोण, याचे लिखित उत्तर ‘संविधान तयार होण्याची प्रक्रिया’ असे आहे. ते बाबासाहेबांवर लिहिलेले नाही. शिवाय त्यांच्या स्वतःच्या हातात चाबूक आहे, म्हणजे तेही गोगलगायीला पुढे हाकत आहेत. एवढे चित्रातच आहे.

आता चिन्ह. गोगलगाय म्हणजे मंद गती, यात शंका नाही. चाबकाचे मात्र तसे नाही. त्याच्यावर लेबल नाही. दिल्लीतल्या १९४९ च्या वाचकाला, संविधान सभेचे नववे सत्र सुरू असताना, तो ‘लवकर चला’ या अर्थी दिसला असणार. पण चाबकाला भारतीय समाजात दुसराही इतिहास आहे. बाबासाहेबांच्या पाठीमागे उभा राहून कोणीतरी चाबूक उगारतो आहे, हे दृश्य जातीच्या छळाचा अनुभव असलेल्या वाचकाला घाई म्हणून दिसत नाही, मारहाण म्हणून दिसते. भोवतीची गर्दी ही त्याला हसणारे बघे वाटते. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर पडणार की बाबासाहेबांच्या पाठीवर, हे रेषा ठामपणे सांगत नाही. ज्या वस्तूवर लेबल नाही तिचा अर्थ वाचक आपल्या इतिहासातून आणतो. २०१२ चा आक्षेप घेणाऱ्यांना चित्र कळलेच नाही, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. चित्रातील लेबल लावलेला भाग आणि मोकळा सोडलेला भाग वेगळा केला, की दोन्ही वाचने कुठून आली ते दिसते.

तिसरी पायरी अतिशयोक्तीची. संविधान खरोखर गोगलगायीच्या गतीने तयार झाले का? याचे उत्तर खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात दिले होते. विलंबाची टीका तेव्हा अनेकांनी केली होती आणि तिला त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले. ९ डिसेंबर १९४६ रोजी सभा पहिल्यांदा भरली, तेव्हापासून कामाला २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस लागले. अमेरिकेच्या राज्यघटनेला ४ महिने लागले होते, कॅनडाला सुमारे २ वर्षे ५ महिने, पण ऑस्ट्रेलियाला ९ वर्षे. शिवाय भारताच्या संविधानात ३९५ अनुच्छेद होते आणि मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

हे आकडे शेजारी ठेवले की गोगलगाय किती ताणलेली आहे ते कळते. काम लांबले हे खरे, म्हणून चित्राला आधार आहे. पण ते का लांबले, याचे कारण चित्रात नाही. साडेसात हजारांवर दुरुस्त्यांचे ओझे त्या गोगलगायीच्या पाठीवर कुठेच काढलेले नाही. व्यंगचित्र एकच बाजू मोठी करते आणि बाकीच्या गाळते. गाळलेले काय, हे शोधणे वाचकाकडे राहते.

मग चेहऱ्याचे काम काय?

चेहरा निरुपयोगी नाही. तो शेवटी वाचावा, एवढेच. लेबल, चिन्ह आणि माप यांतून चित्राचे म्हणणे हाती आले की चेहऱ्याकडे वळावे आणि तिथे ‘हा कोण’ याऐवजी ‘याच्या चेहऱ्यावर काय भाव आहे’ हे पाहावे. नेता घामाघूम आहे की झोपलेला? त्याची नजर कुठे आहे? चुकीच्या वस्तूकडे पाहणारा नेता हा बेफिकीर, वाचकाकडे पाहून डोळा मिचकावणारा नेता हा लबाड. भाव वाचण्यासाठी साम्य हुबेहूब असावे लागत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. चित्रातील प्रसंगच माहीत नसेल, तर लेबल आणि चिन्ह वाचूनही विनोद हाती लागत नाही. हंडी फोडणे म्हणजे काय, हे माहीत नसलेल्या वाचकाला टेंभी नाक्याचे चित्र ही नुसती कसरत वाटेल. अशा वेळी चित्राची तारीख पाहून त्या आठवड्याच्या बातम्या चाळणे, हाच मार्ग. दुसरे असे की, काही चित्रकार जुने चिन्ह मुद्दाम वापरतात, उपरोध म्हणून. शिंदे यांच्या पक्षाच्या हातात आज ढाल-तलवार दाखवली, तर ती चूक असेल किंवा त्या चार महिन्यांची आठवण करून देणारा टोमणा असेल. त्याचा निकाल बाकीच्या चित्रावरून लावावा लागतो. बाकीचे चित्र जुळत असेल तर तो टोमणा, जुळत नसेल तर चूक.

आणि या तीन पायऱ्यांनंतरही एखादी वस्तू मोकळी राहिली, गोगलगायीच्या चित्रातील चाबकासारखी, तर तिच्यावर आपला अर्थ लादण्यापूर्वी दुसऱ्या वाचकाला ती कशी दिसते ते विचारावे. शंकर यांच्या चित्रात संथपणा कोणाचा, याचे उत्तर गोगलगायीवर लिहिलेले होते. चाबूक कोणासाठी, याचे उत्तर मात्र कुठेच लिहिलेले नव्हते आणि त्यावरच ६३ वर्षांनी वाद पेटला.